अर्धं वर्णन

चाकण-तळेगाव रस्त्यावर, नाशिक महामार्गालगत किंवा चिंचवडच्या आसपास उभी राहिलेली बिझनेस हॉटेलं पर्यटकांवर चालत नाहीत. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज २००९ मध्ये आल्या, त्यांच्यामागून सुटे भाग पुरवणारे आले आणि त्या सगळ्यांकडे कामानिमित्त येणाऱ्या माणसांसाठी खोल्या लागल्या. इथला पाहुणा म्हणजे मशिन बसवायला आलेला इंजिनिअर, नाहीतर पुरवठादाराकडचा माल तपासायला आलेला क्वालिटीवाला. तो खोलीत झोपतो, पण बुकिंग त्याच्या कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कने केलेलं असतं, बिल कंपनीला जातं आणि हॉटेलच्या संगणकात नोंदलेला मोबाइल नंबर बऱ्याचदा अॅडमिनमधल्या कुणाचा तरी असतो. राहणारा एक, पैसे देणारा दुसरा, फोन उचलणारा तिसरा. असा पाहुणा खोलीत काही विसरून गेला की हॉटेलपुढे जो प्रश्न उभा राहतो, त्याचं उत्तर ‘जपून ठेवा’ एवढ्याने मिळत नाही. माझ्या मते हॉटेलातला ‘लॉस्ट अँड फाउंड’ विभाग वस्तू सांभाळण्यासाठी असतो ही समजूतच अपुरी आहे. सांभाळणं हा त्यातला सोपा भाग. खरं काम आहे ती चुकीच्या हातात न देण्याचं, आणि विभागाची सगळी रचना त्या कसोटीवर तपासली पाहिजे.

कायदा हेच सांगतो, फक्त तुकड्यातुकड्यांत. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचं कलम ७१ म्हणतं की दुसऱ्याची वस्तू सापडल्यावर जो ती ताब्यात घेतो, त्याची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्याइतकी असते. ती किती, हे कलम १५१ सांगतं: साधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत तशाच स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी. म्हणजे उचलायचं बंधन कुणावर नाही, पण एकदा उचलली की जबाबदारी आली. ही जबाबदारी नेमकी कुठे तुटते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०१९ च्या एका निकालात दिसतं. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात १९९८ साली एका ग्राहकाने आपली मारुती झेन व्हॅलेकडे दिली आणि दुसऱ्याच एकाने चावी उचलून ती पळवून नेली. टोकनवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं होतं, तरी हॉटेलची सुटका झाली नाही. ती वस्तू सोपवलेली होती, सापडलेली नव्हती, हा फरक खरा. पण नुकसान जागा असुरक्षित असल्यामुळे झालं नाही. चावी कुणाच्या हातात जाते, यावर नजर नव्हती.

आता एक कल्पित पण अगदी नेहमीचं उदाहरण घेऊ. बंगळूरुहून आलेला इंजिनिअर पहाटे साडेचारला लोहगावच्या विमानासाठी निघतो. सकाळी खोली आवरताना हाउसकीपिंगच्या मुलाला गादी आणि पलंगाच्या पाठीच्या फटीत एक करडा पाउच सापडतो, त्यात एक अंगठी आणि एक पेन ड्राइव्ह. मुलाने पहिली गोष्ट करायची ती म्हणजे खोलीतूनच हाउसकीपिंग डेस्कला फोन. पाउच ट्रॉलीवर ठेवायचा नाही, शिफ्ट संपेपर्यंत खिशात तर नाहीच. पाहुणा लॉबीत असेल किंवा टॅक्सी गेटवर थांबलेली असेल, तर वस्तू पाच मिनिटांत परत जाते आणि रजिस्टर उघडावंही लागत नाही. तो गेलेला असेल तर सुपरवायझर येतो, दोघांच्या देखत पाउच उघडला जातो आणि नोंद होते: तारीख, वेळ, खोली क्रमांक, नेमकी जागा, सापडलेल्याचं नाव, स्वीकारणाऱ्याची सही. वस्तूला त्याच अनुक्रमांकाची चिठ्ठी लागते. रोकड असती तर नोटा किमतीप्रमाणे वेगळ्या मोजून, लिफाफा बंद करून त्याच्या जोडावर दोघांच्या सह्या झाल्या असत्या. कपडे, चार्जर, चष्मे हाउसकीपिंगच्या कपाटात जातात, अंगठीसारखी वस्तू सिक्युरिटीच्या किंवा अकाउंट्सच्या तिजोरीत.

नोंदीची भाषा पोलिस पंचनाम्यासारखी हवी. अंगठी ‘सोन्याची’ लिहायची नाही, ‘पिवळ्या धातूची, वर एक पांढरा खडा’ लिहायचं. डेस्कवरचा माणूस सराफ नाही, आणि उद्या ती अंगठी पितळेची निघाली तर ‘सोन्याची होती, तुम्ही बदलली’ या आरोपाला हॉटेलचं स्वतःचं रजिस्टर पुरावा ठरेल. त्याच वेळी खुणा मात्र बारकाईने टिपायच्या: आतल्या बाजूला काय कोरलंय, खड्याभोवतीचा एक काटा वाकलाय का, पाउचची चेन कुठल्या बाजूने अडकते. रजिस्टरमध्ये वर्णन पूर्ण असतं. फोनवर ते बाहेर जाता कामा नये. मला या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत हुशार पुर्जा हाच वाटतो. चौकशी आली तर डेस्कने ‘हो, अंगठी सापडली आहे’ असं म्हणायचं नाही. विचारायचं: काय हरवलं, ते कशात होतं, कसं दिसतं? हक्क सांगणाऱ्याने त्याच्या बाजूने वर्णन करायचं आणि ते लिहिलेल्याशी जुळतं का ते पाहायचं. डेस्कवरच्या मदतशील पोराने उत्साहाने ‘करडा पाउच ना सर?’ म्हटलं की ही तपासणी संपली. त्यानंतर रजिस्टरमध्ये कितीही रकाने असले तरी उपयोग नाही.

मग हॉटेलने आपणहून पाहुण्याला का कळवू नये? अनेक हॉटेलांत जुना दंडक आहे की पाहुण्याने विचारल्याशिवाय त्याच्या घरी फोन करायचा नाही, वस्तू पाठवायची तर नाहीच. कारण उघड आहे. तो तिथे कुणाबरोबर होता, किंवा मुळात त्या गावात होता, हे घरच्यांना ठाऊक असेलच असं नाही. चाकणला याचीच दुसरी आवृत्ती दिसते: ‘तुमच्या इंजिनिअरची अंगठी गादीमागे सापडली’ हे कंपनीच्या अॅडमिनला कळवणं म्हणजे एका माणसाची खासगी गोष्ट त्याच्या ऑफिसात वाटणं. तरीही हा दंडक जसाच्या तसा पाळणं कायद्यात बसणं कठीण. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४, जे १ जुलै २०२४ पासून जुन्या ४०३ च्या जागी आलं, म्हणतं की मालक शोधण्याचे वाजवी उपाय न करता आणि त्याला हक्क सांगायला वाजवी वेळ न देता सापडलेली वस्तू वापरली, तर तो अप्रामाणिक अपहार. शिक्षा किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं आणि दंड. गप्प बसून दिवस मोजत राहणं हा वाजवी उपाय नव्हे. पण वस्तू न सांगताही कळवता येतं. पाहुण्याने चेक-इनच्या कार्डावर स्वतःच्या हाताने लिहिलेल्या नंबरवर किंवा मेलवर ‘आपल्या मुक्कामाबाबत हाउसकीपिंगशी संपर्क साधावा’ एवढंच पाठवायचं, आणि ते पाठवल्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहायची. म्हणजे शोधही घेतला गेला आणि खासगीपणही राहिलं. यासाठी चेक-इनला पाहुण्याचा स्वतःचा नंबर मागून घ्यायला हवा. रांग लागली की नेमका तोच रकाना रिकामा राहतो.

आता पाउचकडे परत. दुपारी टॅक्सी कंपनीचा ड्रायव्हर रिसेप्शनवर येतो: ‘पहाटे सोडलेल्या साहेबांनी पाउच आणायला सांगितलंय.’ तो खरंच बोलत असण्याची शक्यताच जास्त. गेटवरचे लोक त्याला रोज पाहतात. तरीही पाउच द्यायचा नाही. पाहुण्याने नोंदलेल्या मेलवरून लिहावं, वस्तूचं वर्णन करावं, कोण नेणार त्याचं नाव कळवावं. मग नेणाऱ्याचं ओळखपत्र पाहून, प्रत ठेवून, सही घेऊन वस्तू जाईल. यावर आक्षेप येतो की हा प्रामाणिक माणसाचा छळ आहे, आणि चार दिवस उशिरा मिळालेला पाउच म्हणजे वाईट सेवा. आक्षेपात तथ्य आहे. जुन्या टी-शर्टसाठी मेल मागणारं हॉटेल हास्यास्पदच. पण दोन्ही चुकांचं वजन सारखं नाही. उशीर झाला तर तो भरून निघतो. चुकीच्या माणसाला दिलेली अंगठी परत येत नाही, आणि खरा मालक दुसऱ्या दिवशी फोन करतो तेव्हा हॉटेलकडे वस्तूही नसते आणि उत्तरही. म्हणून कडकपणा वस्तूच्या किमतीप्रमाणे कमीजास्त करावा. ओळखीच्या चेहऱ्याप्रमाणे करू नये.

किती दिवस ठेवायचं? प्रचलित मुदती ढोबळ आहेत: उघडलेलं खाणं त्याच दिवशी टाकायचं, साध्या वस्तू ९० दिवस, मौल्यवान वस्तू सहा महिने ते वर्षभर. यातला एकही आकडा वरच्या कायद्यांत नाही. तिथे फक्त ‘वाजवी’ आहे. उलट करार अधिनियमाचं कलम १६९ विक्रीची वाट अरुंद करतं. जी वस्तू सहसा विकली जाते तीच विकता येते, तीही मालक रीतसर शोधून सापडला नाही किंवा त्याने खर्च द्यायला नकार दिला तर, आणि तेव्हाही वस्तू नासण्याच्या किंवा तिची बहुतांश किंमत जाण्याच्या बेतात असेल किंवा सांभाळण्याचा खर्च किमतीच्या दोन तृतीयांशापर्यंत पोचला असेल तरच. ९० दिवसांनी वस्तू सापडलेल्या कामगाराला देण्याची चाल मला तरीही आवडते. तुटपुंज्या पगारावर खोल्या आवरणाऱ्या मुलाला प्रामाणिकपणाचा काही मोबदला त्यातून मिळतो. मात्र त्यामुळे मालकी त्याच्याकडे जात नाही. इंग्लंडमध्ये १९८२ च्या पार्कर खटल्यात हीथ्रोच्या लाउंजमध्ये सापडलेलं सोन्याचं ब्रेसलेट विमान कंपनीऐवजी सापडलेल्या प्रवाशाला मिळालं, पण त्याच निकालात म्हटलंय की नोकराला कामाच्या ओघात सापडलेली वस्तू मालकाच्या वतीने सापडलेली समजायची, आणि खऱ्या मालकापुढे सापडलेल्याचा हक्क कधीच टिकत नाही. म्हणून असं वाटप चार्जर, छत्री, शर्ट यांच्यापुरतं ठेवावं, आणि प्रत्येक वस्तू स्टाफ गेटमधून गेट पासवरच बाहेर जावी. पास नसेल तर दोन वर्षं प्रामाणिक राहिलेला मुलगा एका शर्टावरून गेटवर चोर ठरतो. एमआयडीसीत गेट पास म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि पेन ड्राइव्ह? या पट्ट्यातला सगळ्यात अवघड प्रकार हाच. तो इंजिनिअरच्या ताब्यात होता, पण त्यातली ड्रॉइंग त्याच्या कंपनीची, कदाचित कंपनीच्या ग्राहकाची. मालक ओळखायला तो संगणकाला लावून पाहावासा वाटणं साहजिक आहे, आणि तेच करायचं नाही: दुसऱ्याची माहिती उघडली जाते, वर हॉटेलच्या संगणकात व्हायरस येऊ शकतो. कंपनीचा अॅडमिन ‘तो आमचा आहे, आम्हाला द्या’ म्हणाला तर ज्याच्या खोलीत सापडला त्या पाहुण्याची लेखी संमती मागणं हाच सुरक्षित मार्ग. त्यांच्यात वाद असेल तर तो त्यांनी सोडवावा. हॉटेलने न्यायाधीश होऊ नये. मुदत संपल्यावर पेन ड्राइव्ह कामगाराला द्यायचा नाही, दान करायचा नाही, तो साक्षीदारासमोर तोडून तशी नोंद करायची. अंगठी कुरिअरने पाठवणंही सोपं नाही, कारण बहुतेक खासगी कुरिअर दागिने आणि रोकड घेत नाहीत, आणि पाउचमध्ये पॉवर बँक असती तर लिथियम बॅटरीमुळे विमानाने जाणारं पार्सल अडलं असतं. पासपोर्ट सापडला तर प्रश्न वेगळाच. पासपोर्ट अधिनियम १९६७ च्या कलम १७ प्रमाणे भारतीय पासपोर्ट केंद्र सरकारच्या मालकीचा राहतो, परदेशी पासपोर्ट त्या त्या देशाचा. त्यामुळे त्याला ९० दिवसांचं कपाट लागूच होत नाही. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत कळवलेली असतेच, म्हणून नाव जुळवणं सोपं. पाहुणा गाठता आला नाही तर पासपोर्ट हद्दीतल्या पोलिस ठाण्यात द्यायचा. चाकण २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालयात आहे. पासपोर्ट देताना ठाण्याची पोच घ्यायची आणि ती रजिस्टरच्या त्याच ओळीला टाचून ठेवायची, कारण वर्षभराने कुणी चौकशी केली तेव्हा डेस्कवर बहुधा दुसराच माणूस असतो.