इक्सी कधी लागते?

नेहमीची आयव्हीएफ : बशीत प्रत्येक स्त्रीबीजाभोवती साधारण पन्नास हजार ते एक लाख हालचाल करणारे शुक्राणू सोडतात. त्यांतला एक स्वतः आत शिरतो.

इक्सी : बीजाभोवतीच्या पेशी विकराने काढून ते पक्व आहे का, हे पाहतात, अपक्व बीज यासाठी चालत नाही. मग निवडलेल्या शुक्राणूची शेपटी सुईने दाबून त्याची हालचाल थांबवतात आणि तो थेट बीजात टोचतात. काही बीजे टोचताना खराब होतात.

दोन्ही पद्धतींत 16 ते 18 तासांनी बीजात दोन केंद्रके दिसली, तर फलन नीट झाले असे समजतात.

खरी गरज केव्हा?
• शुक्राणूंची संख्या किंवा हालचाल फारच कमी असेल
• वीर्यात शुक्राणू नसल्याने ते वृषणातून काढावे लागले असतील
• आधीच्या आयव्हीएफमध्ये फलन झालेच नसेल किंवा अगदी कमी झाले असेल
• गोठवलेली स्त्रीबीजे वापरायची असतील

गरज नसते केव्हा? वीर्य तपासणी सामान्य असेल, तर बहुधा नाहीच. व्हिएतनाममध्ये अशा हजाराहून अधिक जोडप्यांवर झालेल्या चाचणीत (2021) पहिल्या भ्रूणरोपणानंतर मूल जन्मण्याचे प्रमाण इक्सीत 35 टक्के, तर नेहमीच्या पद्धतीत 31 टक्के होते. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या ग्राह्य नव्हता. बीजांची संख्या कमी किंवा स्त्रीचे वय जास्त असणे, हेही एकट्याने इक्सीचे कारण ठरत नाही. इक्सी शुक्राणूची अडचण दूर करते, बीजाचा दर्जा सुधारत नाही. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा : आमच्या अहवालातल्या कोणत्या आकड्यामुळे इक्सी सुचवता आहात?