बारवर शंभर, कमरेवर दीडशे

(महाविद्यालयाच्या कबड्डी संघात नव्याने आलेल्या एका विद्यार्थ्याला क्रीडाशिक्षकाने लिहिलेले पत्र)

गड्या,

शुक्रवारी संध्याकाळी तू बारच्या दोन्ही टोकांना चाळीस-चाळीस किलो चढवलेस. बार स्वतः २० किलोचा, म्हणजे बरोबर १०० झाले. पोरांनी मोबाइल काढले, तू पाच वेळा खाली-वर झालास, बार रॅकवर आदळलास आणि माझ्याकडे बघितलंस. मी फक्त ‘बास’ म्हणालो आणि तुझा चेहरा पडला. चारचौघांत कारण सांगत बसलो असतो तर तुला ते लागलं असतं, म्हणून आज लिहितोय.

तुझ्या मित्राकडून तो व्हिडिओ मी मागून घेतला. रात्री एकेक बैठक थांबवून बघितली. पहिल्या दोन ठीक होत्या, फक्त अर्ध्याच होत्या. तिसरीला तुझ्या टाचा जमिनीवरून सुटल्या. चौथी आणि पाचवी मात्र मी पुन्हा पुन्हा बघितली. खालून वर येताना तुझा पार्श्वभाग झटक्यात वर गेला आणि खांद्यावरचा बार जिथल्या तिथे राहिला. क्षणभर तू शेतात भांगलायला वाकल्यासारखा झालास आणि मग उरलेलं अंतर नुसत्या कमरेनं बार ओढून उभा राहिलास. तू म्हणशील, उचलले ना शंभर? उचलले. पण कोणी उचलले, एवढाच माझा प्रश्न आहे.

पाण्याने भरलेली बादली अंगालगत धरून बघ. मग तीच बादली हात लांब करून धर. पाणी तेवढंच, पण खांदा लगेच कुरकुरायला लागतो. वजन सांध्यापासून आडवं जितकं लांब, तितका त्या सांध्यावरचा भार जास्त. स्क्वॉटमध्ये बादली म्हणजे बार, आणि सांधा म्हणजे तुझा खुबा. खुब्यापासून खांद्यावरच्या बारपर्यंत तुझी पाठ साधारण ५० सेंटिमीटर भरते. पहिल्या बैठकीत तुझी पाठ जमिनीशी ५५ अंशांच्या आसपास होती. तेव्हा बार खुब्याच्या पुढे आडवा सुमारे २९ सेंटिमीटर होता. पाचव्या बैठकीत पार्श्वभाग आधी उठला, तेव्हा पाठ कलंडून ३० अंशांवर आली आणि हेच अंतर ४३ सेंटिमीटर झालं. म्हणजे जवळजवळ दीडपट. प्लेटांवर १०० लिहिलेलं असेल, पण तुझ्या कमरेच्या स्नायूंना त्या क्षणी दीडशे किलोचा हिशेब द्यावा लागला. आणि गंमत बघ, त्याच क्षणी गुडघे जवळजवळ सरळ झालेले असल्यामुळे मांड्यांना फारसं काही करावंच लागलं नाही. ज्या मांड्यांसाठी तू स्क्वॉट करतोस, त्या सुट्टीवर होत्या.

एका वाकड्या बैठकीने लगेच चकती सरकते असं मी म्हणत नाही. पाठीचा कणा इतका नाजूक नाही, आणि हळूहळू वाढवत नेलं तर दीडशेची सवयसुद्धा पाठीला लावता येते. अडचण अशी की हे दीडशे तू ठरवून घेतलेले नव्हतेस. पुढच्या आठवड्यात तू ११० लावशील आणि कमरेला पुन्हा तसंच न मोजलेलं काहीतरी मिळेल. तुझ्या वयाचा असताना मीही असाच आकडे वाढवत गेलो होतो. आमच्या व्यायामशाळेत भिंतीवर खडूने प्रत्येकाचं वजन लिहिलेलं असायचं. त्या भिंतीपायी मी सहा आठवडे चटईवर पडून काढले. खाली वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती, ती आई बांधायची.

आता टाचांबद्दल. तू तालमीत वाढलास, जोर-बैठकांवर तयार झालास, हे तुझ्या मांड्यांवरून दिसतंच. तालमीतली बैठक मला फार आवडते, पण तिची रीत वेगळी आहे. खाली जाताना टाचा उचलायच्या, चवड्यांवर तोलायचं, हात झुलवत लयीत शे-दोनशे काढायच्या. अंगावर दुसरं वजन नसतं, त्यामुळे तोल पुढे गेला तरी बिघडत नाही. खांद्यावर बार आला की मात्र हीच सवय नडते. स्क्वॉटमध्ये वरून खालपर्यंत आणि खालून वरपर्यंत बार पावलाच्या मध्यावर राहायला हवा. टाच उठली की भार चवड्यावर जातो, चवड्यावर गेला की छाती पुढे पडते, आणि छाती पडली की पार्श्वभाग आधी वर जातो. म्हणजे चौथ्या-पाचव्या बैठकीची चूक खरी सुरू झाली ती तिसरीत, तुझ्या टाचांपाशी.

टाच उठायला दुसरंही कारण असू शकतं, घोटा आखडलेला असणं. तुझ्या बाबतीत मला ते वाटत नाही. मैदानाबाहेर तू दोन पायांवर उकिडवा बसून बाटलीतलं पाणी पीत होतास, तेव्हा टाचा जमिनीला पूर्ण टेकलेल्या होत्या. खुर्चीवर वाढलेल्या अनेक पोरांना हे जमत नाही, ती मागे कलंडतात. तरीही खात्री करून घे. भिंतीसमोर एक पाऊल असं ठेव की अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर असेल. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकला की घोटा ठीक आहे. नाही टेकला तर काही आठवडे पोटरी ताणण्याचा व्यायाम कर, आणि तोपर्यंत टाचांखाली पातळ प्लेट ठेवून स्क्वॉट कर. वेटलिफ्टिंगच्या बुटांची टाच उंच असते ती याचसाठी.

म्हणजे तुझ्या अंगात दोन बैठका आहेत, तालमीतली आणि उकिडवी. बारसाठी आपल्याला उकिडवी हवी. फरक एवढाच, की उकिडवं बसताना पाठ गोल झाली तरी चालते, इथे नाही. बारखाली तू तितकंच खोल जायचं, जिथे माकडहाड आत वळायला लागत नाही. खुब्याची घडी गुडघ्याच्या पातळीपर्यंत आली तर उत्तम. त्याच्या खाली पाठ न वळवता जाता आलं तर आणखी उत्तम.

‘खोल बसलं की गुडघे जातात’ हे तुला कोणीतरी सांगितलं असणार, मलाही सांगितलं होतं. या समजाचं मूळ बरंचसं १९६१ सालातलं आहे. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी खोल स्क्वॉटमुळे गुडघ्याचे अस्थिबंध सैल पडतात असा निष्कर्ष काढला आणि तो जगभरच्या शाळा-कॉलेजांत पोचला. पुढच्या अभ्यासकांना तसं आढळलं नाही, पण भीती राहिली ती राहिलीच. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य मिळवलं. त्या खेळात बार छातीवर घेऊन पुरतं खाली बसावं लागतं, आणि ते रोजच्या सरावात असतं. ‘गुडघा बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका’ हा सल्लाही असाच. तो बळंच पाळला की गुडघ्यावरचा ताण थोडा कमी होतो खरा, पण तोल राखायला धड पुढे झुकतं आणि खुब्यावर तो कितीतरी पटीने वाढतो. टाच टेकलेली असेल आणि गुडघा पावलाच्या दिशेतच असेल, तर तो बोटांपुढे गेला म्हणून बिचकू नकोस. बिचकायचं ते गुडघे आत, एकमेकांकडे, वळले तर.

एक मात्र ध्यानात ठेव. माझ्यासारखं किंवा तुमच्या कप्तानासारखं दिसायला जाऊ नकोस. कप्तानाच्या मांड्यांची हाडं आखूड आहेत, तो जवळजवळ ताठ राहून बसतो. तुझी लांब आहेत. तू थोडा जास्त झुकणारच, आणि ती चूक नाही. पावलं किती फाकवायची, बोटं किती बाहेर वळवायची, हे तुझ्या खुब्याने ठरवायचं. बार पावलाच्या मध्यावर आणि पाठीचा कोन खालून वर येताना कायम, एवढं सांभाळलंस की बाकी तुझं तू.

खाली जाण्याआधी श्वास छातीत नाही, पोटात घ्यायचा, इतका की कमरेच्या दोन्ही बाजू फुगल्या पाहिजेत. तो कोंडून खाली जायचं, वर येतानाचा सर्वांत जड टप्पा ओलांडला की सोडायचा. पोट असं घट्ट झालं की कणा आतून सावरला जातो. तू मागितलेला पट्टा याच पोटाला दाबायला भिंत देतो. पोट फुगवता येत नसेल तर पट्टा नुसता कमरेभोवतीचा दागिना. म्हणून तो अजून तुला मिळणार नाही.

आता हिशेब. पहिला आठवडा एक डंबेल छातीशी धरून, तेवढंच. वजन पुढे असल्यामुळे टाचांवर बसायला अंग आपोआप शिकतं. दुसऱ्या आठवड्यापासून मंगळवार आणि शुक्रवार, नुसता २० किलोचा बार, पाच-पाच बैठकांचे तीन सेट. प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो, म्हणजे अडीच किलो वाढव. बारा आठवड्यांत चोवीस दिवस होतात. एकदाही अडला नाहीस तर चोविसाव्या दिवशी बारवर ७७.५ किलो असतील. शुक्रवारच्या शंभरापेक्षा ते कमी आहेत, हे मला ठाऊक आहे. पण ते तुझ्या मांड्यांनी उचललेले असतील, आणि चढाईवर गेल्यावर तिघांनी कमरेला पकडलं असताना मध्यरेषेकडे अंग ढकलायला त्याच मांड्या लागतात.

कधी थांबायचं हे फोनला विचार. फोन बाजूला, खुब्याच्या उंचीवर ठेवून प्रत्येक शेवटचा सेट टिपायचा. पाचवी बैठक पहिलीसारखी दिसली तरच वजन वाढेल. टाच उठली, गुडघे आत आले किंवा बारच्या आधी पार्श्वभाग उठला, तर पुढच्या वेळी तेच वजन. सलग दोन वेळा तसं झालं तर दहा टक्के उतरवायचे आणि तिथून पुन्हा चढायचं. रॅकच्या आडव्या सुरक्षा दांड्या तू सर्वांत खाली बसल्यावर बार जिथे येतो, त्याच्या जरा खाली लावायच्या. उठता आलं नाही तर बार त्यांच्यावर टेकवून पुढे सरकून बाहेर यायचं. हे आधी रिकाम्या बारने करून बघायचं. पडायचं कसं हे माहीत नसलेला गडी शेवटच्या बैठकीत घाबरतो आणि घाबरला की कमरेनं ओढतो.

वजन उतरवूनही कमरेतून पायात कळ गेली किंवा मुंग्या आल्या, तर व्यायाम थांबवून मला सांगायचं. मग आपण डॉक्टरांकडे जाऊ. मांड्या दोन दिवस भरून आल्या, जिना उतरताना ओय ओय झालं, तर सांगू नकोस.

मंगळवारी सहा वाजता ये. डंबेल आठ किलोचं काढून ठेवलंय. मोठ्या प्लेटा कपाटात आहेत आणि किल्ली माझ्याकडे.

तुझे सर