ड्रोनशिवाय आकाशातून भातशेती : 'एआय'ला नेमके काय सांगाल?

'कोकणातील भातशेतीचे ड्रोन छायाचित्र' एवढीच सूचना चित्र तयार करणाऱ्या 'एआय'ला दिली, तर बऱ्याचदा डोंगरउतारावरच्या, बालीसारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचे चित्र मिळते. कधी कधी तर आकाशात उडणारा ड्रोनच चित्रात येतो! त्यामुळे 'ड्रोन' या शब्दावर विसंबू नका. वरून काय दिसते, ते सांगा.

आधी कोन ठरवा. कॅमेरा सरळ खाली रोखलेला असेल, तर क्षितिज, आकाश आणि झाडांचे बुंधे दिसत नाहीत. नारळाचे झाड म्हणजे झावळ्यांची चांदणी, माणूस म्हणजे इरल्याचा ठिपका. कॅमेरा तिरपा, साधारण ४५ अंशांत असेल, तर जवळची खाचरे मोठी आणि लांबची लहान होत जातात. दोन्ही कोन एकाच सूचनेत मिसळले, की वरून पाहिलेल्या शेतात आडवी झोपल्यासारखी झाडे उगवतात.

मग प्रमाण. '४० मीटर उंचीवरून' हा आकडा 'एआय' काटेकोरपणे पाळत नाही. म्हणून उंचीचे रूपांतर मोजता येईल अशा गोष्टीत करा. ड्रोनच्या नेहमीच्या रुंद लेन्समधून ४० मीटरवरून साधारण ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद जमीन दिसते. म्हणजे २,४०० चौरस मीटर, सुमारे २४ गुंठे. एक खाचर दोन गुंठ्यांचे धरले, तर चौकटीत बाराएक खाचरे हवीत.

शेवटी नक्षी. कोकणातली खाचरे बुद्धिबळाच्या पटासारखी नसतात. बांध वळणावळणाचे, प्रत्येक खाचराचा आकार वेगळा. हे सांगितले नाही, तर एकाच ठशाचे गालिचे मिळतात.

आता पूर्ण सूचना अशी :

> सरळ खालून नव्हे, सरळ वरून घेतलेले छायाचित्र. क्षितिज आणि आकाश नाही. जुलैमधील कोकणातील सपाट भातखाचरे, चौकटीत सुमारे बारा. प्रत्येकाचा आकार वेगळा, मध्ये वळणदार, गवताळ मातीचे बांध. काही खाचरांत नुकती लावणी, काहींत गढूळ पाणी. एका बांधावर इरले घेतलेला, अगदी लहान दिसणारा माणूस. ढगाळ उजेड, ठळक सावल्या नाहीत.

चित्र आल्यावर ते मोठे करून तपासा. ६० मीटरच्या चौकटीत अर्धा मीटर रुंदीचा माणूस चित्राच्या रुंदीच्या १२०व्या भागाएवढाच दिसायला हवा. तो खाचराच्या निम्म्याएवढा असेल, तर प्रमाण चुकले. तेव्हा सगळी सूचना बदलू नका. फक्त माणसाचे वाक्य काढून पुन्हा चित्र मागा. खाचरे पंचवीस-तीस आली, तर संख्या तीच ठेवून 'खाचरे मोठी, जवळून' असे जोडा.

असे चित्र कुणाच्याही गट क्रमांकाचे नसते. त्यातले बांध, पाणी, पीक सारे कल्पित असते. म्हणून पूर किंवा पीक नुकसानीचा पुरावा म्हणून ते पाठवू नका. समूहावर टाकताना चित्राखाली 'एआयने तयार केलेले' असे स्पष्ट लिहा.