कड्यावरचा थेंब आणि दोन फ्लिप-फ्लॉप

टेबलावर एफपीजीए बोर्ड आहे. त्यावर एक बटण आणि एक दिवा. बटण दाबले की दिवा लागावा, एवढेच काम. व्हेरिलॉगमध्ये लिहिलेला कोड सिम्युलेटरवर तपासून झालेला असतो, तिथे एकही चूक दिसलेली नसते. बोर्डावरही बहुतेक वेळा सगळे बरोबर चालते. मग शेकडो वेळा दाबल्यावर एकदा दिवा लागत नाही, आणि त्यानंतर बटण कितीही दाबले तरी लागत नाही. रीसेट केले की यंत्र पुन्हा शहाण्यासारखे वागू लागते.

कोडमध्ये दोन अवस्था आहेत, ‘थांबलेले’ आणि ‘चालू’. प्रत्येकीसाठी एक फ्लिप-फ्लॉप, म्हणजे एक बिट लक्षात ठेवणारी चिमुकली चौकट. बटण दाबले की पहिल्याने १ वरून ० व्हायचे आणि दुसऱ्याने ० वरून १. दोघेही बटणाची तार स्वतंत्रपणे वाचतात. आता बटण नेमके क्लॉकच्या ठोक्यावर दाबले गेले आणि एका फ्लॉपपर्यंतची तार दुसऱ्यापेक्षा किंचित लांब असली, तर पहिल्याला ते दाबलेले दिसते, दुसऱ्याला दिसत नाही. पहिला ० होतो, दुसराही ० च राहतो. यंत्र ‘थांबलेले’ नाही आणि ‘चालू’ही नाही. कोडमध्ये अशा तिसऱ्या स्थितीची सोयच नसते, म्हणून ते अडकून पडते.

हा झाला अर्धा प्रश्न. उरलेला अर्धा जास्त खोल आहे.

फ्लिप-फ्लॉप क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला समोरची तार वाचतो आणि ० किंवा १ पकडून ठेवतो. त्याची एक अट असते. ठोक्याच्या थोडे आधी आणि थोडे नंतर तार स्थिर हवी. आधीच्या वेळेला सेटअप टाइम म्हणतात, नंतरच्या वेळेला होल्ड टाइम. चिपच्या आतले सिग्नल त्याच क्लॉकवर चालतात, त्यामुळे त्यांच्याकडून ही अट पाळून घेता येते. बटण दाबणाऱ्या बोटाला मात्र क्लॉक माहीत नसतो. त्या नाजूक क्षणी तार बदलली, तर फ्लॉपमधले व्होल्टेज ० आणि १ यांच्या मध्येच कुठेतरी रेंगाळते. यालाच मेटास्टॅबिलिटी म्हणतात.

महाबळेश्वरच्या डोंगरमाथ्यावर पडलेला पावसाचा थेंब डोळ्यांसमोर आणावा. इकडे ओघळला तर कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे, तिकडे ओघळला तर सावित्रीतून अरबी समुद्राकडे. बरोबर कडेवर पडलेला थेंब मात्र क्षणभर तिथेच थबकतो. तो शेवटी कुठल्या तरी बाजूला जाणारच, पण कुठल्या आणि किती वेळाने, हे आधी सांगता येत नाही. फ्लॉपचेही तसेच होते. तो रेंगाळत असताना पुढची दोन गेट्स त्याला वाचत असतील, तर एकाला ० दिसेल आणि दुसऱ्याला १.

अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात थॉमस चेनी आणि चार्ल्स मोलनार यांनी ही रेंगाळण मोजून दाखवली. त्यांचा शोधनिबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. डिजिटल सर्किटमध्ये ० आणि १ यांच्या अधलेमधले काही असू शकते, हे तोवर अनेक अभियंत्यांच्या गळी उतरत नव्हते.

उपाय दिसायला फारच साधा आहे. बाहेरून येणारी तार एकाच फ्लॉपला द्यायची, त्याचे उत्तर फक्त दुसऱ्या फ्लॉपला द्यायचे, आणि बाकी सगळ्या सर्किटने दुसऱ्याचेच ऐकायचे.

```verilog
(* ASYNC_REG = "TRUE" *) reg ff1, ff2;

always @(posedge clk) begin
  ff1 <= button;
  ff2 <= ff1;
end
```

हे लिहिताना `<=` हीच खूण हवी. तिच्या जागी `=` पडले, तर `ff2` ला त्याच ठोक्याला `ff1` ची नवी किंमत, म्हणजे थेट `button`, मिळते. दोन फ्लॉपची साखळी तुटते आणि संरक्षण निघून जाते. पहिल्या ओळीतली सूचना एएमडीच्या विवाडो या सॉफ्टवेअरसाठी आहे. हे दोन फ्लॉप शेजारी शेजारी ठेव आणि त्यांच्यात काही बदल करू नकोस, असे ती सांगते.

यात मेटास्टॅबिलिटी टळत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे. `ff1` रेंगाळणारच. त्याला सावरायला जवळजवळ एक पूर्ण ठोका मिळतो, एवढाच फरक. पण या एवढ्यानेच किती फरक पडतो, ते हिशेब मांडल्यावर दिसते.

समजा क्लॉक १०० मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे दोन ठोक्यांत १० नॅनोसेकंद. दुसऱ्या बोर्डाकडून येणारी तार सेकंदाला १० लाख वेळा बदलते, आणि नाजूक क्षण ०.१ नॅनोसेकंदाचा आहे. मग फ्लॉप सेकंदाला सरासरी १०,००० वेळा रेंगाळेल. दर ०.२ नॅनोसेकंदाला रेंगाळत राहण्याची शक्यता साधारण २.७ पटीने घटते, असे धरू. (हे आकडे हिशेबापुरते घेतले आहेत. खरे आकडे चिपनुसार बदलतात.) `ff1` चे उत्तर थेट मोठ्या सर्किटला दिले आणि सावरायला जेमतेम १ नॅनोसेकंद उरला, तर सेकंदाला सुमारे ६७ वेळा चूक होईल. मध्ये `ff2` घातला आणि ९ नॅनोसेकंद मिळाले, तर एक चूक सरासरी ११ कोटी वर्षांनी.

आता तेच डिझाइन २०० मेगाहर्ट्झवर चालवा. ठोका ५ नॅनोसेकंदांचा झाला, त्यातला १ तारेत आणि सेटअपमध्ये गेला, उरले ४. चूक आता सरासरी पावणेसात तासांनी एकदा! कोडचे एक अक्षरही बदललेले नाही. इथे तिसरा फ्लॉप जोडला की सावरायला आणखी ४ नॅनोसेकंद मिळतात आणि आकडा पुन्हा साडेतीन लाख वर्षांच्या वर जातो. वेगवान सर्किटांमध्ये तीन फ्लॉप दिसतात ते यासाठी. दोन फ्लॉपमधली तार लांब गेली किंवा मध्ये एखादे गेट घुसले, तर हीच शिल्लक खर्च होते.

या जोडीकडून भलत्या अपेक्षाही ठेवू नयेत. बटणाचे धातूचे टोक काही मिलिसेकंद थडथडत राहते. त्याची प्रत्येक थडथड दोन फ्लॉप इमानाने आत पोचवतील, ती गाळायला वेगळे सर्किट लागते. एका ठोक्यापेक्षा छोटी कळ आली तर ती सुटून जाऊ शकते. आणि आठ तारांवरचा आकडा आठ जोड्यांमधून आणायचा प्रयत्न कधीच करू नये. ०१११ वरून १००० होताना चारही बिट बदलतात. काही बिट एक ठोका आधी पोचले, काही नंतर, तर मध्येच ११११ किंवा ०००० असा कधी पाठवलाच नव्हता तो आकडा दिसेल. तिथे एका वेळी एकच बिट बदलणारा ग्रे कोड वापरतात, किंवा एसिंक्रोनस फिफो.

साध्या सिम्युलेशनमध्ये यातले काहीच दिसत नाही, कारण तिथे फ्लॉप प्रत्येक ठोक्याला नेमके ० किंवा १ देतो. म्हणून डिझाइन करणाऱ्याने बाहेरून येणारी प्रत्येक तार आधी कागदावर लिहून काढावी, ती कोडमध्ये एकाच ठिकाणी वाचली जाते ना हे पाहावे, आणि विवाडो वापरत असल्यास `report_cdc` ही आज्ञा चालवून एखादी तार निसटली आहे का ते बोर्ड हातात घेण्याआधी तपासावे.