"लॅटेक्स महागलं ना सर!" हे ऑडिटरला कसं लिहायचं?

व्हिडिओमध्ये आकडे भराभर गेले, म्हणून तेच उदाहरण इथे सावकाश बघू.

डहाणूतला फुग्यांचा एक छोटा कारखाना धरा. आकडे समजण्यापुरते घेतलेत. जुलैत जेवढे फुगे निघाले, त्यांना ठरलेल्या प्रमाणात १,००० किलो लॅटेक्स लागायला हवं होतं. ठरलेला दर १८० रुपये किलो, म्हणजे खर्च १,८०,०००. प्रत्यक्षात १९० रुपयांचं १,१०० किलो लागलं, खर्च २,०९,०००. ऑडिटर विचारतो, २९,००० जास्त का?

अकाउंट्स बघणारी ताई पटकन सांगते, "लॅटेक्स महागलं ना सर. आणि पावसात लाइट सारखी जायची, भट्टी थंड पडायची, माल चिकटला." ती खोटं बोलत नाही, पण दोन कारणं एकत्र झालीत. आधी ती वेगळी करा.

दराचा फरक: १,१०० किलो × १० रुपये = ११,०००. वापराचा फरक: १०० किलो × १८० रुपये = १८,०००. बेरीज बरोबर २९,०००.

बघितलंत? ताईने आधी महागाई सांगितली, पण मोठा भाग वाया गेलेल्या मालाचा आहे. उत्तरात नुसतं "दरवाढीमुळे" लिहिलं, तर ऑडिटर बिलावरचा दर बघून दोन मिनिटांत १८,००० बाजूला काढेल. मग तुमच्या बाकीच्या उत्तरांवरही त्याचा विश्वास राहत नाही.

आता ताईला प्रत्येक कारणाचा कागद विचारा. दरासाठी खरेदीची बिलं. केरळहून येणाऱ्या मालाचं गाडीभाडं वेगळ्या खात्यात टाकत असाल, तर ते दरवाढीचं कारण म्हणून लिहू नका. या २९,००० मध्ये ते नाहीच. वाया गेलेल्या मालासाठी रिजेक्शन रजिस्टर, लाइट गेल्याची नोंद जनरेटरच्या लॉगबुकात.

मग खुलासा असा होतो:

"जुलै महिन्यातील लॅटेक्स खर्चात रु. २९,००० वाढ झाली आहे. पैकी रु. ११,००० खरेदी दर प्रति किलो रु. १८० वरून रु. १९० झाल्यामुळे (बिले सोबत जोडली आहेत). उर्वरित रु. १८,००० हे १०० किलो जादा वापरामुळे. वीजपुरवठा खंडित झाल्याने भट्टीतील माल नाकारावा लागला (रिजेक्शन रजिस्टर व जनरेटर लॉगबुकाची प्रत सोबत)."

"सारखी जायची", "बराच माल" असे शब्द इथे नाहीत, तारखा आणि किलो जोडलेल्या कागदांत आहेत. रजिस्टरमध्ये ७० किलोच दिसत असेल, तर ७० लिहा. उरलेल्या ३० किलोचं, म्हणजे ५,४०० रुपयांचं, कारण नोंदीत आढळत नाही असं सरळ लिहा. मागच्या तारखेचं रजिस्टर आज भरायला बसू नका! एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेली पानं ओळखू येतात.

आणि हो, पुढचा प्रश्न ठरलेला असतो: चिकटलेला माल भंगारात विकला का, त्याचे पैसे कुठल्या खात्यात आले? उत्तर पाठवण्याआधी ती पावती शोधून ठेवा.