सव्वापाचची वेळ कुणाची?

कोडोलीत घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्युटी पार्लर आहे. फेशिअलच्या पॅकने बोटं भरलेली असताना नेमका फोन वाजतो, "ताई, पाचला येऊ का?" हात पुसून वही बघायची, वेळ द्यायची. तासाभराने तीच विचारणार, "सहाला चालेल का?" आणि सहालाही येणार नाही.

यावर मला गुगल कॅलेंडरमधली Appointment schedule ही सोय उपयोगी पडली. साध्या जीमेल खात्यावर असं एक पान फुकट मिळतं. संगणकावर आपले वार, वेळा आणि कामाला लागणारा अवधी भरला की एक लिंक तयार होते. ती मी व्हॉट्सॲप बिझनेसच्या आपोआप जाणाऱ्या उत्तरात टाकली. एकीने घेतलेली वेळ दुसरीला दिसत नाही.

एका पानावर कामाचा अवधी एकच ठेवता येतो. म्हणून तिथे फक्त फेशिअल ठेवलं. दहा मिनिटांचं थ्रेडिंग पूर्वीसारखंच, आलं की बसायचं. शनिवारी चार ते सात भरल्यावर चार, पाच, सहा अशा तीन वेळा निघाल्या. पण वाट्या धुवायला, टॉवेल बदलायला पंधरा मिनिटं जातातच. तिसरी बाई अर्धा तास बाकावर! मग Buffer time मध्ये १५ मिनिटं घातली आणि शेवट साडेसातला केला. आता चार, सव्वापाच आणि साडेसहा.

माझी खरी फजिती झाली ती जोतिबाच्या चैत्र यात्रेला. कॅलेंडरात दिवसभराची नोंद केली आणि निर्धास्त डोंगरावर गेले. इकडे दोघी दारात! दिवसभराची नोंद मुळात Free म्हणून होते. ती हाताने Busy केल्याशिवाय वेळा बंद होत नाहीत, हे मी पाहिलंच नव्हतं.

वेळ ठरल्याचा निरोप ईमेलवर जातो, आणि आमच्याकडच्या बायका ईमेल उघडतात कुठे? म्हणून फॉर्ममध्ये फोन नंबर सक्तीचा केला. आदल्या संध्याकाळी मीच व्हॉट्सॲप करते : "उद्या सव्वापाच. येणार ना? सकाळी नऊपर्यंत कळवा, नाहीतर वेळ दुसरीला देते." उत्तर नाही आलं तर एकच फोन. नवरीच्या मेकअपची तारीख मात्र लिंकवर देत नाही. यूपीआयने आगाऊ रक्कम आली की मगच तारीख पक्की.

लिंक न जमणाऱ्या काकू अजून गल्लीतूनच हाक मारतात, "शनिवारी सव्वापाचला येते गं!" त्यांना "या" म्हणतानाच मी मोबाइलच्या कॅलेंडरात नोंद करते. ती राहिली, तर लिंकवर सव्वापाच मोकळेच दिसतात आणि दोघी एकाच वेळी दारात उभ्या राहतात.