चौकशा पाचशे, ऑर्डरी चार

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतली एक छोटी कंपनी डोळ्यांसमोर आणा. मसाला, पीठ, फरसाण पाऊचमध्ये भरणारी पॅकिंग मशीन ती बनवते. एका मशीनची किंमत चार लाख रुपये. मार्केटिंगला एक मुलगी, सेल्सला तिघं जण, आणि वर मालक. जाहिरातीवर महिन्याला एक लाख खर्च होतो, त्यातून अडीचशे चौकशा येतात आणि त्यातल्या सहा जणांच्या ऑर्डरी मिळतात. उदाहरण रचलेलं आहे, पण यातलं भांडण अशा बहुतेक कंपन्यांत जसंच्या तसं सापडेल.

मालक मार्केटिंगला सांगतो, ‘एक चौकशी चारशे रुपयांना पडते, हा खर्च कमी कर.’ ती जाहिरात बदलते. ‘घरबसल्या पॅकिंगचा व्यवसाय सुरू करा’ असा मथळा देते आणि वेबसाइटवरच्या लांबलचक फॉर्मऐवजी फेसबुकचा तयार फॉर्म लावते. या फॉर्ममध्ये नाव आणि फोन नंबर आधीच भरलेले असतात, माणसानं फक्त दोनदा बोट टेकवायचं. शिवाय कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त फॉर्म आणायचं काम दिलं, की फेसबुकची यंत्रणा असे फॉर्म सहज भरणारी माणसं शोधते. मशीन घेणारी माणसं कोण, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. महिनाअखेरीस पाचशे चौकशा येतात, दर दोनशे रुपयांवर उतरतो. मार्केटिंगनं सांगितलेलं काम चोख केलेलं असतं.

आता त्याच महिन्यात सेल्सच्या टेबलावर काय होतं ते बघा. एका चौकशीमागे दोन-तीन फोन, व्हॉट्सअ‍ॅपवर कॅटलॉग, नोंद, असं सगळं मिळून वीस मिनिटं धरू. अडीचशे चौकशांना त्र्याऐंशी तास लागत होते, पाचशेंना एकशे सदुसष्ट लागतात. तिघांत वाटले तर प्रत्येकाचे महिन्याला साडेतीन दिवस जास्तीचे गेले. हे दिवस जुन्या कोटेशनचा पाठपुरावा आणि कारखान्यांच्या भेटी यांतूनच कापले जातात. फोन उचलणाऱ्यांपैकी कुणी म्हणतं ‘मी फॉर्म भरलाच नाही’, कुणी विचारतं ‘पंधरा हजारात मशीन मिळेल का?’ आठवड्याभरात सेल्सचा मार्केटिंगवरचा विश्वास उडतो आणि नव्या चौकश्यांना फोन करणंच मंदावतं.

खरी गोम पुढे आहे. चार लाखांची मशीन कुणी त्याच दिवशी घेत नाही. बँकेचं कर्ज, जागा, घरातली चर्चा यांत दोन-तीन महिने जातात. त्यामुळे जाहिरात जानेवारीत बदलली, तरी जानेवारी-फेब्रुवारीतल्या ऑर्डरी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या जुन्या, चांगल्या चौकशांतून येतात. दोन महिने आकडा सहावरच राहतो आणि चौकशांचा खर्च निम्मा झाल्याबद्दल मार्केटिंगची पाठ थोपटली जाते. मार्चमध्ये ऑर्डरी चारवर घसरतात. तोवर जानेवारीचा बदल सगळे विसरलेले असतात, म्हणून बोलणी सेल्सला बसतात. एका ऑर्डरीमागचा जाहिरातखर्च सुमारे १६,७०० रुपयांवरून २५,०००वर गेला आहे, हे कुणाच्याच कागदावर दिसत नाही, कारण तो आकडा कुणाकडून मागितलेलाच नसतो.

सेल्सची बाजू धुतल्या तांदळासारखी आहे, असंही नाही. त्यांना बक्षिसी महिन्याच्या बुकिंगवर मिळते. त्यामुळे ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी फुकट चौकशी ठरतो. तोच माणूस सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीकडून मशीन घेतो. नोंदीत फक्त ‘इंटरेस्ट नाही’ असं असतं, त्यावरून मार्केटिंगला काही शिकता येत नाही. आणि महिन्याचे शेवटचे चार दिवस आले की सूट सुरू होते. समजा, चार लाखांच्या मशीनवर कंपनीला ऐंशी हजार सुटतात आणि विक्रीच्या रकमेवर सेल्सवाल्याला एक टक्का मिळतो. त्यानं दहा टक्के सूट दिली, तर कंपनीचा नफा ऐंशीवरून चाळीस हजारांवर येतो. त्याचा स्वतःचा वाटा मात्र चार हजारांवरून तीन हजार सहाशेवर. चारशे रुपये सोडून टार्गेट गाठता येत असेल, तर कुणीही सोडेल. इकडे मार्केटिंग वर्षभर ‘मशीन महाग, पण टिकाऊ’ असं सांगत असते आणि बाजारात बोलबाला होतो की एकतीस तारखेपर्यंत थांबा, भाव उतरतो.

फिलिप कोटलर, नील रॅकहॅम आणि सुज कृष्णस्वामी यांनी २००६ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त या भांडणावर लेख लिहिला. त्यांनी त्याची दोन मुळं सांगितली, एक पैशाचं आणि दुसरं स्वभावाचं. छोट्या कंपनीपुरतं मला पैशाचं मूळ जास्त खोल वाटतं. इथे माणसं एकाच खोलीत बसतात, एकत्र डबा खातात, एकमेकांचे स्वभाव ओळखतात. तरीही भांडतात, कारण एकाला चौकशांवर मोजलं जातं, दुसऱ्याला बुकिंगवर, आणि कंपनी जगते ती नफ्यावर.

म्हणून दुरुस्ती मोजमापापासून करावी लागते. आधी कामाची चौकशी कुणाला म्हणायचं, हे दोघांनी मिळून ठरवायचं. आपल्या कंपनीत तीन प्रश्न पुरतात: काय भरायचंय, दिवसाला किती पाकिटं आणि मशीन कधीपर्यंत हवी. हे प्रश्न फॉर्ममध्येच टाकले, की चौकशा घटतात आणि प्रत्येकीचा दर वाढतो. पहिल्याच महिन्यात हा वाढलेला दर बघून मालक घाबरला, तर सगळं पुन्हा जुन्या वळणावर जातं.

बदल्यात सेल्सनं दोन गोष्टी कबूल करायच्या. कामाच्या चौकशीला तासाभरात फोन करायचा. जेम्स ओल्डरॉइड आणि सहकाऱ्यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी कंपन्यांच्या अभ्यासात, तासाभरात संपर्क साधणाऱ्यांना ग्राहकाशी अर्थपूर्ण बोलणं साधण्याची शक्यता तासाभरानं उशीर करणाऱ्यांच्या जवळपास सातपट दिसली होती. दुसरं, नकाराचं नेमकं कारण लिहायचं: बजेट नाही, आत्ता नको, दुसरीकडून घेतली, चुकून फॉर्म भरला. ‘आत्ता नको’वाले मार्केटिंगकडे परत जातात आणि त्यांच्याशी संपर्क ठेवणं तिचं काम होतं. बक्षिसीही विक्रीऐवजी सुटलेल्या नफ्यावर ठेवली, तर चाळीस हजारांची सूट देणाऱ्याचा वाटा निम्म्यावर येतो आणि तो सूट देण्याआधी थांबून विचार करतो.

या मोजमापाला मर्यादा आहेत. महिन्याला चार-सहा ऑर्डरी असतील, तर एक-दोनचा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो, तेव्हा निष्कर्ष तिमाहीवर काढावा, महिन्यावर नको. आणि मेहुण्याच्या सांगण्यावरून आलेल्या गिऱ्हाइकानं आधी यूट्यूबवर तुमचा व्हिडिओ बघितलेला असतो. त्याची ऑर्डर कुणाच्या खात्यावर टाकायची, याला खरं उत्तर नाही. ती दोघांच्या नावावर टाकावी आणि वाद तिथेच मिटवावा.

तुमची अशी कंपनी असेल, तर या आठवड्यात एवढं करा. सहा महिन्यांपूर्वीच्या एकाच महिन्यातल्या सगळ्या चौकशांची यादी काढा आणि दोघांना समोर बसवून प्रत्येक नावापुढे लिहा: फोन कधी गेला, पुढे काय झालं, मशीन घेतली असेल तर किती सूट देऊन. या महिन्याच्या चौकशांना या महिन्याच्या ऑर्डरींनी भागू नका, त्या दोन वेगळ्या माणसांच्या याद्या आहेत.